दोन आकडी वय आणि फोटोखालच्या चार ओळी

मूल दहा वर्षांचे झाले की आई किंवा बाबा त्याच्या फोटोखाली जो छोटा मजकूर लिहितात, तो आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला आहे. चार-सहा ओळींचा ऐवज. त्यात कौतुक असते, थोडी चेष्टा असते आणि शेवटाकडे जराशी हुरहूर असते. पहिल्या वाढदिवसाच्या मजकुरात ही हुरहूर नसते, कारण तेव्हा सगळे सुरूच होत असते. दहाव्या वाढदिवशी काहीतरी संपलेले असते, पण नेमके काय संपले हे लिहिणाऱ्याला चटकन सांगता येत नाही. मग तो ‘काळ कसा उडून गेला’ असे लिहून मोकळा होतो.

मराठी घरांच्या जुन्या रीतीत दहाव्या वाढदिवसाला काही विशेष मान नव्हता. बारसे, उष्टावण, जावळ, पाच वर्षांपर्यंत संक्रांतीनंतरचे बोरन्हाण, ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे आठव्या वर्षाची मुंज, आणि मग एकदम साठीची शांत नि एक्याऐंशीच्या सुमाराचे सहस्रचंद्रदर्शन, अशा पायऱ्या असत. दहाचे कौतुक शाळेतून आणि इंग्रजीतून आले. ‘डबल डिजिट’ झालो, असे मूलच घरी येऊन सांगते. त्यामागे एवढेच की आपण संख्या दशमान पद्धतीने लिहितो. नऊपर्यंत प्रत्येक संख्येला स्वतःची खूण आहे; दहाला नाही, म्हणून एकावर शून्य मांडावे लागते. एकक आणि दशक नुकतेच शिकून झालेल्या मुलाला आपले वय दशकाच्या घरात गेल्याचे अप्रूप वाटते, यात नवल नाही. (रोमन आकडे चालू राहिले असते तर उलटे झाले असते: तिथे आठाला चार खुणा लागतात आणि दहाला एकच.) दहापासून नव्याण्णवपर्यंत वयाचे आकडे दोनच राहतात, म्हणजे बहुतेकांच्या आयुष्यात ही बढती एकदाच होते. मुलाला तिचा आनंद होतो. आईबापांना मात्र मागे राहिलेले एक आकडी वय दिसते, आणि फोटोखालच्या ओळींचा सूर बहुतेक या दोन नजरांच्या मधे कुठेतरी लागतो.

हिशेबाची एक चूक इथे हमखास होते. दहाव्या वाढदिवशी ‘दहाव्या वर्षात पदार्पण’ असे लिहिले जाते. दहावे वर्ष नवव्या वाढदिवशीच लागलेले असते. दहाव्या वाढदिवशी ते पूर्ण होते आणि अकरावे लागते. पूर्वी वर्तमानपत्रात येणाऱ्या छोट्या अभीष्टचिंतनाच्या जाहिरातींत, ‘चि.’ किंवा ‘कु.’ लावून नाव, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आजी-आजोबांपासून आत्या-मामापर्यंत रांग अशा साच्यात, ‘पदार्पण’ हा शब्द ठरलेला असे आणि चूकही तिथूनच आली असावी. ‘दहा वर्षांची झाली’ किंवा ‘दहा पूर्ण’ एवढे लिहिले तर घोळ होत नाही. गणितात नुकतेच तरबेज झालेले मूल ही चूक सर्वांदेखत दाखवून देण्याची शक्यता बरीच असते.

दहा हा आकडा लिहिण्याच्या सोयीपुरता असला तरी त्या सुमारास मुलात जे बदल होतात ते खरे असतात, आणि मजकुराला लागणारा माल त्यांतच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत दहा वर्षांच्या मुलामुलींची मधली उंची साधारण १३८ सेंटिमीटर धरली आहे. आई पाच फुटांची असेल तर एवढ्या उंचीचे मूल तिच्या हनुवटीच्या वर पोचलेले असते. वजन तीस किलोच्या आसपास जाते, म्हणजे जन्माच्या वेळच्या वजनाच्या दहापट. झोपलेल्या मुलाला गाडीतून उचलून घरात आणून निजवण्याचे दिवस भावनेमुळे नव्हे, कंबरेमुळे संपतात. समोरचे आठही दात पक्के झालेले असतात. सुळे आणि दाढांच्या जागा पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलतात. म्हणून सहाव्या-सातव्या वर्षीच्या फोटोतले समोरचे खिंडार दहाव्याच्या फोटोत नसते. चेहरा अजून लहान असतो आणि दात मोठ्या माणसाचे. या वयाच्या फोटोंत जो थोडा अनोळखीपणा जाणवतो, त्याचे एक कारण हे.

याच संघटनेच्या तक्त्यांत आणखी एक गोष्ट लक्षात येते. वयानुसार वजनाचा तक्ता दहाव्या वर्षी थांबतो. त्यानंतर काही मुले झपाट्याने उंच होतात, काही मागून होतात, त्यामुळे नुसते वय आणि वजन पाहून काहीच नीट सांगता येत नाही. पुढे उंची आणि वजन यांचे प्रमाण पाहावे लागते. किशोरवयाची व्याख्याही हीच संघटना १० ते १९ वर्षे अशी करते. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर दहावा वाढदिवस हा बालपणातला एक मोठा दिवस नसून किशोरवयातला पहिला दिवस आहे. भारतातल्या बँकांचेही असेच आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडू आणि चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. किती रकमेपर्यंत, हे बँक ठरवते. याउलट सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावे लागते. तेव्हा एकाच वाढदिवशी एक दार बंद होते आणि एक उघडते, तेही पोस्टाच्या आणि बँकेच्या खिडकीवर. वडिलांनी हे फोटोखाली लिहिले तर आईला ते रुक्ष वाटेल, पण ‘आजपासून स्वतःच्या सहीने पैसे काढू शकतेस, फक्त आधी सही एकसारखी करायला शीक’ या वाक्यात कौतुक आणि चेष्टा दोन्ही येतात, आणि दहाच्या जागी नऊ किंवा अकरा घालून ते चालत नाही.

हुरहुरीचे मूळ मात्र बहुधा आठवणीत असते. मोठ्या माणसांना आपली सर्वांत जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधीचे काही उरत नाही. हे विसरणे नेमके कधी होते याचा अभ्यास पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना या मानसशास्त्रज्ञांनी केला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुले तीन वर्षांची असताना आईने त्यांच्याशी प्राणिसंग्रहालयाची भेट, वाढदिवस अशा अलीकडच्या प्रसंगांबद्दल गप्पा मारल्या, आणि त्या ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच प्रसंगांबद्दल मुलांना विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे पस्तीस टक्केच आठवले. याचा अर्थ दहा वर्षांचे होईपर्यंत मूल आपल्या पहिल्या तीन-चार वर्षांतले बरेचसे विसरून गेलेले असते. ज्या काळाच्या आठवणीने आईचा गळा दाटतो, तो काळ मुलाच्या दृष्टीने ऐकीव असतो. दोघांनी मिळून काढलेल्या दिवसांची राखण आता एकाच्याच हाती उरते. म्हणून तर दहाव्या वाढदिवशी पालक ‘तुला आठवतं का’ असे न लिहिता ‘तू असं करायचीस’ असे लिहितात.

आणि हे लिहिणे मूल वाचते, हाही फरक आहे. वर्षाच्या बाळासाठी लिहिलेला मजकूर नातेवाइकांसाठी असतो. दहा वर्षांची मुलगी तो स्वतः वाचते, दोनदा वाचते, आणि एखादा शब्द खटकला तर फोन हातात घेऊन बदलायला लावते. खरे तर व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींची किमान वयाची अट तेरा वर्षांची आहे; तरी मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून बातमी पोचायची ती पोचतेच. त्यामुळे काही विषय आपोआप बाद होतात: अंथरूण ओले करणे, रडणे, लठ्ठपणा, परीक्षेतले गुण, भावंडाशी तुलना. मुलगा असेल तर ‘माझं पिल्लू’ किंवा ‘सोन्या’ हे घरातले नाव चारचौघांत चालेल का, हे त्याला विचारलेले बरे. धाकटे भावंड असलेल्या घरात याच सुमाराला मुलाला आईबापही ‘दादा’ म्हणू लागलेले असतात. आईने स्वतःच्या लेकाला दादा म्हणणे बाहेरच्याला गमतीचे वाटेल, पण तोच शब्द मजकुरात आला तर बढतीची सगळी गोष्ट सांगून जातो.

असा मजकूर कसा घडतो हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, पुण्यातले एक वडील दहा वर्षांच्या मुलीसाठी लिहीत आहेत. फोटोत मुलगी स्कूटरच्या मागच्या सीटवर हेल्मेट घालून बसली आहे. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो:

‘पाहता पाहता आमची छोटीशी परी दहा वर्षांची झाली! काळ कसा भुर्रकन उडून गेला कळलंच नाही. आता आमची परी डबल डिजिट! अशीच हसत राहा, खूप मोठी हो. ईश्वरचरणी हीच प्रार्थना.’

यात खोटे काही नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलीच्या फोटोखाली तो चिकटवता येईल, आणि मजकूर फसल्याची खूण तीच. ‘परी’च्या जागी ‘वाघ’ घातला की तो मुलाचा होतो. ‘काळ उडून गेला’ या वाक्यात हुरहूर सांगितली आहे, दाखवलेली नाही. शिवाय सूर दर वाक्याला बदलतो: आश्चर्य, विनोद, आशीर्वाद, प्रार्थना. वाचणारा कुठेच टेकत नाही.

आता वडिलांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: गेल्या एक-दोन वर्षांत मुलीने कोणती गोष्ट करणे सोडले? नवे काय शिकली ते सगळ्यांना दिसते. पोहणे, पेटी, सायकल यांचे फोटो आधीच निघालेले असतात. सुटलेल्या गोष्टींचे फोटो नसतात, कारण शेवटची वेळ ही शेवटची आहे हे त्या वेळी कुणाला ठाऊक नसते. थोडा विचार केला की यादी निघते. रस्ता ओलांडताना हात धरणे. झोपताना गोष्ट मागणे. ‘रिक्षा’ला ‘रिश्का’ म्हणणे. स्कूटरवर पुढे पायरीवर उभी राहणे. यांतली फोटोशी जुळणारी एकच निवडायची. इथे स्कूटरची निवडावी, कारण फोटोत ती मागे बसली आहे आणि ‘पुढे’ ते ‘मागे’ एवढ्या दोन शब्दांत दहा वर्षांतली निम्मी कहाणी येते. दुसरा खर्डा असा होतो:

‘स्कूटरवर पुढे उभी राहायचीस तेव्हा तुझे केस माझ्या तोंडावर उडायचे. हळूहळू इतकी उंच झालीस की मला रस्ता दिसेना, आणि मग तू मागे बसायला लागलीस. ते किती लवकर झालं! आता मागून मला रस्ता सांगतेस. आज तू दहा वर्षांची झालीस. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा, खूप मोठी हो.’

बराच सुधारला. केस तोंडावर उडणे हे त्या वडिलांचेच आहे, दुसऱ्याला सुचले नसते. पण ‘ते किती लवकर झालं’ हे वाक्य वाचकाच्या मनात येणारी गोष्ट त्याच्या आधी बोलून टाकते. शेवटची दोन वाक्ये पुन्हा छापील कार्डातली. आणि कारण नको तितके उलगडले आहे: रस्ता दिसेना म्हणून मागे बसवले, हे सांगितल्यावर त्यात विस्मरणाला जागाच राहत नाही, आणि हुरहूर तर विस्मरणातच आहे. तिसऱ्या खर्ड्यात काढण्याचेच काम उरते:

‘दहा पूर्ण. स्कूटरवर पुढे उभी राहायचीस, तेव्हा तुझे केस माझ्या तोंडावर उडायचे. मागे कधी बसायला लागलीस, ते आठवत नाही. आता मागून रस्ता सांगतेस आणि बहुतेक बरोबर सांगतेस. शुभेच्छा, बाई. पुढे डावीकडेच ना?’

‘आठवत नाही’ या एका कबुलीवर सगळा मजकूर उभा आहे. त्याच्या लगेच पुढे आजची गोष्ट आल्यामुळे सूर रडवा होत नाही. ‘बहुतेक’ शब्दात चेष्टा आहे. ‘बाई’ हे संबोधन मुलीला लहानही ठेवते आणि मोठीही करते. ‘परी’ला ते जमत नाही. शेवटचा प्रश्न मुलीला उत्तर द्यायला लावतो, आणि ती ‘नाही हो बाबा, सरळ’ असे उत्तर देईल हे घरच्यांना माहीत असते. ‘डबल डिजिट’ हे शब्द कुठेच नाहीत, तरी ‘दहा पूर्ण’मुळे ते वाचकापर्यंत पोचतात. एक धोका मात्र पत्करावा लागतो: कुणी एक काका खाली लिहिणारच की मुलाला स्कूटरवर पुढे उभे करणे सुरक्षित नाही. काकांचे बरोबरच आहे.

हीच कृती मुलाच्या आईने केली तर सामग्री वेगळी निघेल, सांगाडा तोच राहील: सुटलेली एक गोष्ट, ती कधी सुटली याची नसलेली आठवण, आणि आजची एक सवय. फक्त सुटलेल्या गोष्टींची यादीच्या यादी देण्याचा मोह टाळावा लागतो. आता कुशीत येत नाहीस, आता गोष्ट मागत नाहीस, आता हात सोडवून घेतोस, असे एकापाठोपाठ तीन ‘आता’ आले की मुलाला तो आरोप वाटतो. दहा वर्षांच्या मुलाने आपण मोठे झाल्याबद्दल माफी मागावी असा सूर लागला, तर तो मजकूर चुकला असे समजायला हरकत नाही.

फोटोकडेही थोडे पाहायला हवे, कारण दहाव्या वाढदिवसाच्या फोटोत एक खास अपघात होतो. नवव्या वर्षापर्यंत केकवर आकड्याची एकच मेणबत्ती पुरते. दहाव्याला इंग्रजी एक आणि शून्य अशा दोन लागतात आणि दुकानात त्या सुट्या मिळतात. त्या लावल्या जातात मुलाच्या बाजूने, म्हणजे मुलाला दहा दिसावे अशा. फोटो काढणारा उभा असतो समोर. त्याला आधी शून्य दिसते आणि मग उलटा एक. घाईत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वर ‘दहा पूर्ण’ लिहून खाली ‘शून्य एक’चा फोटो जातो. मेणबत्त्या फोटो काढणाऱ्याच्या बाजूने लावाव्यात, किंवा फोटो मुलाच्या खांद्यामागून घ्यावा. सेल्फीत आणखी एक गंमत असते: काही फोन समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा जतन करतात, त्यामुळे आकडे आणि शर्टावरची अक्षरे तपासून घ्यावीत. ज्या घरात पहिल्या वाढदिवसाची एकची मेणबत्ती स्वयंपाकघराच्या खणात सुतळी आणि रबरांच्या सोबतीने अजून पडलेली असते, तिथे नुसते शून्य विकत आणून भागते. अशा घरातल्या आईला मजकूर शोधायला लांब जावे लागत नाही. वितळलेल्या टोकाच्या त्या मेणबत्तीचा फोटोच पुरतो.

सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या मजकुरात काही गोष्टी न लिहिलेल्याच बऱ्या. मुलाचे पूर्ण नाव, वाढदिवसाची तारीख आणि ‘दहा पूर्ण’ एकत्र आले की पूर्ण जन्मतारीख कुणालाही काढता येते, आणि बँकेपासून शाळेपर्यंत ओळख पटवायला तीच विचारली जाते. त्यात शाळेचा गणवेश आणि बिल्ला दिसत असेल तर मूल रोज कुठे असते तेही कळते. घरातले नाव वापरले आणि मजकूर वाढदिवसानंतर चार दिवसांनी टाकला, तर गोडी तीच राहते आणि माहिती कमी जाते. आजी-आजोबांच्या गटावर हे पथ्य सैल करता येते.

लांबीला मर्यादा फोनच घालतो. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येत असले तरी पहिल्या एक-दोन ओळींनंतरचा मजकूर घडी होऊन जातो आणि ‘आणखी’वर बोट ठेवणारे थोडेच असतात. म्हणून पहिल्या ओळीत शुभेच्छा आणि बदामांची रांग न ठेवता स्कूटर ठेवावी. शुभेच्छा शेवटी आल्या तरी कुणी रागावत नाही. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांत जाते. ज्यांना मजकूर टिकवायचा असतो ते फोटोची एक प्रत छापून घेतात आणि मागच्या बाजूला मऊ शिशाच्या पेन्सिलीने, फार न दाबता लिहितात. बॉलपेन जोरात टेकवले तर वळ पुढच्या बाजूला उमटतात, आणि जेल पेनची शाई गुळगुळीत कागदावर लवकर वाळत नाही, ती खालच्या फोटोला लागते. या प्रतीवर मात्र पूर्ण नाव, तारीख आणि गावही लिहावे, कारण ती घरातच राहते. लिहिणाऱ्याचे नावही लिहावे. वीस वर्षांनी फोटोतल्या मुलीला स्वतःला ओळखायला अडचण येत नाही, पण या ओळी आईच्या की बाबांच्या, यावर भावंडांत वाद होतो.